हात आवळले की गिरकी का वाढते, आणि जादा ऊर्जा येते कुठून : गणित स्वतः सोडवण्याची वाट

बर्फावर गिरकी घेणारी स्केटर हात छातीशी आवळते आणि गरगर फिरू लागते. हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. त्याखालचं उदाहरण मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा मोठ्या आत्मविश्वासानं आधीची गतिज ऊर्जा आणि नंतरची गतिज ऊर्जा सारखी धरली. बाहेरून कोणी ढकलत नाही, मग ऊर्जा बदलेल कशी, असा माझा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. उत्तर चुकलं. त्याहून वाईट म्हणजे ते का चुकलं हे कळायला बरेच दिवस गेले, कारण सूत्र बदलून बरोबर उत्तर मिळवणं सोपं होतं, पण वाढलेली ऊर्जा आली कुठून हा प्रश्न तसाच राहिला होता.

खाली एकच उदाहरण आकड्यांसह शेवटपर्यंत नेलं आहे. शेजारी कागद ठेवा आणि आकडे स्वतः करत चला, नुसतं वाचून यातली गंमत हाती लागत नाही.

काय काय लागेल

- कागद, पेन आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर
- मोजपट्टी, स्वतःच्या खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर बघायला
- शेवटच्या पायरीसाठी गोल फिरणारी खुर्ची, एकेक किलोचे दोन डंबेल किंवा पाण्याच्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, आणि मोबाइलचा कॅमेरा
- सूत्रं तीनच: `L = Iω`, `K = ½Iω²` आणि दोन्ही एकत्र करून `K = L²/2I`

यात `L` म्हणजे कोनीय संवेग, `I` म्हणजे जडत्व आघूर्ण, `ω` म्हणजे कोनीय वेग आणि `K` म्हणजे गतिज ऊर्जा.

१. आधी अक्ष ठरवा आणि बाहेरचा टॉर्क तपासा

स्केटरच्या डोक्यातून पायाकडे जाणारी उभी रेघ हा आपला अक्ष. आता विचारायचं: बाहेरची कोणती गोष्ट तिला या अक्षाभोवती पिळते, म्हणजे टॉर्क देते आहे? गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, बर्फ वर ढकलतो. ही दोन्ही बलं अक्षाला समांतर आहेत, त्यामुळे अक्षाभोवती पीळ देऊ शकत नाहीत. उरलं घर्षण. पण बर्फावर मुळात घर्षण कमी, शिवाय ब्लेड टेकतं ती जागा जवळजवळ अक्षावरच आहे. दाराच्या बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलून पाहा, म्हणजे अक्षाजवळचं बल किती दुबळं असतं ते कळेल. हात आवळायला एखादा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात हा टॉर्क नगण्य मानता येतो. म्हणून `L` कायम.

ही पायरी गाळू नका. ‘संवेग अक्षय्य असतो’ असं एका दमात लिहून पुढे जाणाऱ्याला, इथे नेमका कोणता संवेग आणि का अक्षय्य, हे विचारलं की अडखळायला होतं. ऊर्जेबद्दल या पायरीत आपण काहीच म्हटलेलं नाही, हेही लक्षात ठेवा.

२. जडत्व आघूर्णाचा अंदाज बांधा

आपली स्केटर ६० किलोची धरू. त्यातले दोन हात मिळून ६ किलो, म्हणजे प्रत्येकी ३. उरलेल्या ५४ किलोंचं धड, डोकं आणि पाय मिळून १५ सेंमी त्रिज्येचा दंडगोल धरला तर त्याचं जडत्व आघूर्ण ½ × ५४ × ०.१५² म्हणजे साधारण ०.६ किग्रॅ·मी² येतं.

पसरलेला हात अक्षापासून २० सेंमीवर (खांदा) सुरू होतो आणि ८० सेंमीवर (बोटं) संपतो. तो सारख्या जाडीची काठी मानला, तर सगळं वस्तुमान साधारण ५३ सेंमीवर एकवटलं आहे असं धरून तेच जडत्व आघूर्ण मिळतं. इथे ५० सेंमी हा सरळ मध्य घेतला तर चूक होते, कारण `I` मध्ये अंतराचा वर्ग येतो आणि टोकाकडचे तुकडे जास्त भाव खातात. दोन्ही हातांचं मिळून १.६८. खरा हात खांद्याकडे जाड आणि मनगटाकडे बारीक असतो, म्हणून खरा आकडा यापेक्षा थोडा कमी येईल. आपल्या कामाला हा चालतो.

हात आवळल्यावर ते अक्षापासून १६ सेंमीवर आले असं धरू: ६ × ०.१६² = ०.१५३६.

म्हणजे हात पसरलेले असताना एकूण `I` = २.२८ आणि आवळल्यावर ०.७५३६. दहा टक्के वजन जागचं हललं आणि जडत्व आघूर्ण एक तृतीयांशावर आलं.

३. नवा वेग काढा

सुरुवातीला ती सेकंदाला दीड फेरी मारते आहे. `L` कायम असल्यामुळे `I` जितक्या पटीनं घटलं तितक्याच पटीनं `ω` वाढणार: २.२८ भागिले ०.७५३६ म्हणजे ३.०३ पट. नवा वेग सेकंदाला ४.५४ फेऱ्या.

इथे एक जुना सापळा आहे. ‘टॉर्क शून्य, म्हणून `τ = Iα` प्रमाणे कोनीय त्वरण शून्य, म्हणून वेग बदलायलाच नको’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. ते सूत्र `I` बदलत नसेल तेव्हाचं आहे. मूळ नियम सांगतो की टॉर्क म्हणजे `Iω` या गुणाकाराच्या बदलाचा दर. गुणाकार कायम राहून आतले दोन्ही आकडे बदलू शकतात, आणि इथे तेच होतं आहे.

४. ऊर्जा मोजा, पण फेऱ्यांमध्ये नाही

वेगाचं गुणोत्तर काढताना फेऱ्या प्रति सेकंद चालतात. ऊर्जेच्या सूत्रात मात्र रेडियनच लागतात. दीड फेरी म्हणजे ९.४२ रेडियन प्रति सेकंद. हे विसरून १.५ घातलं तर ऊर्जा अडीच ज्यूल येते. साठ किलोचा माणूस फिरतो आहे आणि ऊर्जा अडीच ज्यूल, म्हणजे काहीतरी फसलं हे तिथेच ओळखावं.

आधी: ½ × २.२८ × ९.४२² = १०१ ज्यूल.

नंतर: वेग २८.५ रेडियन प्रति सेकंद, म्हणून ½ × ०.७५४ × २८.५² = ३०६ ज्यूल.

वाढ २०५ ज्यूलची, म्हणजे ऊर्जाही तिप्पट. `K = L²/2I` कडे पाहिलं तर यात आश्चर्य उरत नाही: वरचा `L` कायम, खालचा `I` तिसऱ्या हिश्शावर, मग `K` तिप्पट होणारच.

माझ्यासारखी ऊर्जा सारखी धरली असती तर वेग फक्त ३.०३ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे १.७४ पट वाढला असता आणि उत्तर २.६ फेऱ्या आलं असतं. कागदावर तेही दिसायला ठीकच दिसतं. म्हणूनच ही चूक स्वतःच्या वहीत पकडणं अवघड जातं.

५. ते २०५ ज्यूल कुठून आले, हे मोजून पाहा

‘स्नायूंनी कार्य केलं’ हे एका ओळीचं उत्तर बरोबर आहे. पण मला ते मोजल्याशिवाय पटलं नाही, तेव्हा तुम्हीही मोजा.

फिरणारा हात वर्तुळात राहावा म्हणून त्याला सतत आत ओढावं लागतं. ती ओढ `mω²r` इतकी. हात स्थिर अंतरावर असताना ओढ आतल्या दिशेला आणि हाताची गती आडवी, दोन्हींत काटकोन, म्हणून कार्य शून्य. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, आणि नेमकं तेच पाठांतर पुढे नडतं. हात आत येऊ लागला की त्याची वाट वर्तुळ राहत नाही, गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत जाते. आता ओढ आणि गती यांच्यात काटकोन नाही. जितकं अंतर आत, तितकं ओढीनं केलेलं कार्य.

प्रत्येक अंतरावर आधी `I`, त्यावरून `ω`, त्यावरून एका हाताची (३ किलो) ओढ काढली की असं दिसतं:

| हाताचं अक्षापासून अंतर | सेकंदाला फेऱ्या | एका हातावरची ओढ |
|---|---|---|
| ५३ सेंमी | १.५ | १४१ न्यूटन |
| ४२ सेंमी | २.०६ | २११ न्यूटन |
| ३० सेंमी | ३.० | ३२० न्यूटन |
| २० सेंमी | ४.०७ | ३९२ न्यूटन |
| १६ सेंमी | ४.५४ | ३९० न्यूटन |

आता प्रत्येक टप्प्याची सरासरी ओढ गुणिले त्या टप्प्याचं अंतर. पहिला टप्पा ११ सेंमीचा, सरासरी ओढ सुमारे १७६ न्यूटन, कार्य १९.४ ज्यूल. पुढचे टप्पे ३१.९, ३५.६ आणि १५.६. बेरीज १०२.५. हात दोन, म्हणून २०५ ज्यूल.

हा आकडा चौथ्या पायरीतल्या वाढीशी जुळला तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बघत बसलो होतो. दोन वेगळ्या वाटा, एकीत संवेगाचा नियम आणि दुसरीत फक्त बल गुणिले अंतर, आणि दोन्ही एकाच जागी पोचतात. तुमचे आकडे एखाददुसऱ्या ज्यूलनं हलले तर घाबरू नका, तो टप्पे ढोबळ घेतल्याचा परिणाम आहे. वीस ज्यूलहून जास्त फरक पडला तर मात्र बहुतेक एकच हात मोजलात किंवा ओढ काढताना जुनाच `ω` वापरलात.

तक्त्यातली ओढ पुन्हा एकदा बघा. शेवटी प्रत्येक हातामागे ३९० न्यूटन, म्हणजे ४० किलोची वस्तू धरून ठेवण्याइतकी ताकद. हात ‘हलकेच’ आवळल्यासारखे दिसतात, पण दिसण्यावर जाऊ नका. एकूण २०५ ज्यूल म्हणजे तिचं स्वतःचं ६० किलो वजन ३५ सेंमी वर उचलण्याइतकं काम, तेही सुमारे सेकंदाभरात.

चोखंदळ वाचक इथे विचारेल की हात झटक्यानं आत घेतला तर ओढ जास्त लागेल, मग कार्यही जास्त नाही का? सुरुवातीला हाताला आत वेग द्यायला जादा ओढ लागते खरी. पण शेवटी तोच वेग थांबवताना ओढ तितकी कमी पडते. हात दोन्ही टोकांना आत-बाहेर स्थिर असेल तर एकूण कार्य तेच. शेवटी हात छातीवर आदळून थांबला, तर तेवढा जादा भाग उष्णतेत जातो.

६. ती ऊर्जा शरीरात कोणाकडे गेली

बहुतेक ठिकाणी हिशेब इथे संपवतात. माझ्या मते खरी मजा पुढेच आहे.

हात किती जोरात फिरतो आहे? सुरुवातीला ०.५३ × ९.४२, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. शेवटी ०.१६ × २८.५, म्हणजे सेकंदाला ४.६ मीटर. गिरकी तिप्पट वेगानं चालली आहे आणि हात मात्र आधीपेक्षा किंचित सावकाश! हातांची ऊर्जा ७५ ज्यूलवरून ६२ वर उतरते. धडाची ऊर्जा २७ वरून २४४ वर चढते. म्हणजे स्नायूंनी ओतलेले सगळे २०५ ज्यूल आणि वर हातांकडचे १२-१३ ज्यूल, सारं धडाला मिळालं.

संवेगाचंही तसंच. सुरुवातीच्या एकूण २१.५ पैकी १५.८ हातांकडे होते. शेवटी हातांकडे ४.४ उरतात, बाकी धडाकडे जातात. बाहेरून टॉर्क नाही, पण आतल्या आत हात धडाला पिळतात. कसं, ते असं: बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर सेकंदाला ५ मीटरनं जाणारा हात आतल्या छोट्या वर्तुळावर आला. तिथे सुरुवातीच्या गिरकीनुसार त्याची गती दीड मीटरच असायला हवी. हाताकडे त्याच्या तिप्पट गती आहे, म्हणून तो धडाच्या पुढे पळू बघतो आणि खांद्याला पुढे रेटतो. त्याच वेळी खांदा त्याला मागे धरतो. बागेतल्या गोल चकरीवर कडेकडून मध्याकडे चालत गेलात तर पाय आपोआप चकरीला पुढे ढकलतात, तीच ही गोष्ट. गिरकी वाढवणारं बल शोधायचं असेल तर ते खांद्याच्या सांध्यात आहे.

७. हात पुन्हा पसरले की काय होतं

वेग परत दीड फेरीवर येतो आणि ऊर्जा ३०६ वरून १०१ वर. हे २०५ ज्यूल स्नायूंना परत मिळतात का? हाताऐवजी स्प्रिंग असती तर ती ताणली जाऊन ऊर्जा साठवली असती. स्नायू मात्र बाहेर पळू बघणाऱ्या हाताला आवर घालत सावकाश सोडतात, आणि ती ऊर्जा जवळजवळ सगळी उष्णतेत जाते. जिना उतरताना पायांनी गमावलेली उंची जशी पुन्हा जेवण होऊन पोटात येत नाही, तसंच हे. म्हणून आत-बाहेर-आत असं तीनदा केलं तर प्रत्येक वेळी आत घेताना नव्यानं २०५ ज्यूल खर्चावे लागतात, गिरकी मात्र दर वेळी त्याच दोन वेगांमध्ये घुटमळते.

८. खुर्चीवर करून पाहा

खुर्चीची चाकं अडवा, नाहीतर ती सरकत जाते आणि अक्ष हलतो. पाय जमिनीपासून उचलून जवळ घ्या. बसताना पाठ सरळ आणि बूड बरोबर मध्यावर. वाकडं बसलात तर खुर्ची डगमगते आणि उलटूही शकते. आजूबाजूला हातभर अंतरात काही नको. भोवळ आली की थांबा, तोल परत येईपर्यंत उठू नका.

आधी बेअरिंग तपासा. हात पसरून, वजनं धरून, कोणाला तरी ढकलायला सांगा आणि हात न हलवता पहिल्या दोन आणि पुढच्या दोन फेऱ्यांचा वेळ कॅमेऱ्यावर मोजा. पुढच्या दोन फेऱ्यांना पाचेक टक्के जास्त वेळ लागला तर चालेल. दीडपट लागला तर त्या खुर्चीवर संवेगाचा नियम तपासण्यात अर्थ नाही, दुसरी शोधा.

मग खरा प्रयोग. माझ्याकडे दोन-दोन किलोचे डंबेल होते. हात पसरून एक फेरी साधारण २ सेकंदांची होती, आवळल्यावर पाऊण सेकंदाची. बसलेलं शरीर, खुर्चीचा फिरणारा भाग, हात आणि डंबेल असा अंदाज बांधून जडत्व आघूर्णाचं गुणोत्तर २.८ आलं होतं. संवेग कायम धरला तर फेरी ०.७ सेकंदाची हवी, ऊर्जा कायम धरली तर १.२ सेकंदांची. अंदाज बराच ढोबळ असला तरी ०.७५ हा आकडा कोणाच्या बाजूचा आहे याबद्दल वाद नको. डंबेल आत आणताना हातांना जो ताण बसतो, तो पाचव्या पायरीतला तक्ता.

जाता जाता एक प्रश्न, फक्त डोक्यात करायचा, चुकूनही खरोखर नाही: हात पसरून फिरताना दोन्ही डंबेल एकदम सोडून दिले तर खुर्चीचा वेग वाढेल का? `I` तर घटला. मी पहिल्यांदा ‘वाढेल’ म्हणालो होतो. पण सुटलेले डंबेल आपापला संवेग घेऊन सरळ रेषेत निघून जातात, खुर्चीकडे तिचा स्वतःचा तेवढाच उरतो. त्यांनी आत येऊन खांद्याला रेटलेलं नाही, म्हणून खुर्ची सुटायच्या आधी ज्या वेगानं फिरत होती त्याच वेगानं फिरत राहते.